संयुक्त पूर्वच्या अभ्यासगटाचा आठवड्याचा संदेश: वेळ, टॉपिक, टेस्ट आणि हजेरी कशी ठरवायची

आमच्या गटाचा पहिला संदेश एका ओळीचा होता. ‘उद्यापासून रोज 7 वाजता, सगळ्यांनी यायचं, पॉलिटीपासून सुरुवात.’ दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला दोघं अभ्यासिकेच्या दारात उभी होती आणि उरलेले चौघं संध्याकाळी 7 ला आले. ‘पॉलिटी’ म्हणजे कुणी मूलभूत हक्क वाचून आलं होतं, कुणी राष्ट्रपती, तर कुणी काहीच नाही. तीन आठवड्यांत तो गट बंद पडला. अभ्यास कुणालाच नको होता असं नाही. रोज काय करायचं हे रोज नव्याने ठरवावं लागत होतं आणि त्यातच सगळ्यांची ताकद जात होती.

पुढचा गट वर्षभर टिकला. आम्ही सहा जण होतो, तालुक्याच्या गावातली अभ्यासिका, तयारी एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेची. दर शनिवारी रात्री पुढच्या आठवड्याचा एकच संदेश जायचा आणि तो मी लिहायचे. तो कसा लिहायचा हे चुका करत करत समजलं. तुमचा गट नवा असेल तर त्यातल्या बऱ्याच चुका तुम्हाला टाळता येतील.

लागणाऱ्या गोष्टी

- आयोगाच्या संकेतस्थळावरचा चालू अभ्यासक्रम, प्रत्येकाकडे छापलेला
- त्याच परीक्षेच्या मागच्या किमान पाच प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका
- कोऱ्या ओएमआर उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, महिन्याला माणशी चार-पाच
- काळं बॉलपेन आणि भिंतीवरचं किंवा हातातलं साधं घड्याळ
- हजेरीची एक वही
- व्हॉट्सॲप ग्रुप, दोन ॲडमिनसह

1. आधी न जमणाऱ्या वेळा गोळा करा

‘कधी जमेल?’ असं विचारलंत की सगळे ‘कधीही चालेल’ म्हणतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून अडचणी सांगायला लागतात. म्हणून प्रश्न उलटा विचारा: कोणती वेळ अजिबात जमणार नाही? आमच्यातला एक जण पतसंस्थेत होता, त्याची साडेपाचच्या आधी सुटका नव्हती. एकीच्या होस्टेलचं दार 9 ला बंद व्हायचं. माझी गावाकडची शेवटची एसटी 8:45 ला होती आणि स्टँड पंधरा मिनिटं चालत. एवढं कळल्यावर वेळ आपोआप ठरली: संध्याकाळी 6:30 ते 8:10. मतदान घ्यावंच लागलं नाही.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, सगळे एकाच परीक्षेची तयारी करताहेत ना? राज्यसेवा पूर्वला दोन पेपर असतात, त्यात सीसॅट वेगळा. संयुक्त पूर्वला एकच पेपर, 100 प्रश्न आणि 60 मिनिटं. राज्यसेवेचा विद्यार्थी संयुक्तच्या गटात आला की दर आठवड्याला टॉपिकवरून ओढाताण होते. दुसरी गोष्ट गटाची संख्या. पाच किंवा सहा ठेवा. आठ झाले की मांडणीची, म्हणजे टॉपिक बाकीच्यांना समजावून सांगण्याची, पाळी लांबते आणि दोघं-तिघं नुसते ऐकायला येऊ लागतात.

प्रत्येकाला एक क्रमांक द्या, 1 ते 6. संदेशात नावांऐवजी क्रमांक लिहिले की पाळी पुढे सरकवणं सोपं जातं आणि ‘मलाच अवघड टॉपिक दिला’ ही तक्रार येत नाही.

2. आठवडा रविवारपासून मागे आखा

नवे गट सोमवारपासून आखायला बसतात आणि टेस्ट शेवटी ‘जमलं तर’ म्हणून टाकतात. तुम्ही टेस्ट आधी टाका. मी दिलेले संयुक्त पूर्वचे पेपर रविवारी सकाळी 11 ते 12 या वेळेत झाले, म्हणून आमची टेस्टही रविवारी 11 लाच असायची. त्या वेळी डोकं जागं असण्याची, नाश्ता कधी करायचा याची, शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या घाईचीसुद्धा सवय व्हावी लागते. संध्याकाळी चहा पिऊन सोडवलेल्या पेपरने ती होत नाही.

मग शनिवार उजळणीला द्या. उरलेल्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. आम्ही बुधवार ठेवला होता. नोकरी करणाऱ्याला तो राहिलेला अभ्यास भरून काढायला लागतो आणि बाकीच्यांना पुढची मांडणी तयार करायला. राहिले चार दिवस, म्हणजे चार टॉपिक. आठवड्याला सहा टॉपिक घ्यायचा मोह होतो. आम्ही दोन आठवडे तसं करून पाहिलं, तर शनिवारच्या उजळणीत पहिल्या दोन टॉपिकचं कुणाला काही आठवेना.

एका दिवसाची 100 मिनिटंही संदेशात वाटून द्या. आमची वाटणी अशी: पहिली 15 मिनिटं मागच्या टॉपिकवर दहा प्रश्न, वही न उघडता. पुढची 45 मिनिटं आजच्या टॉपिकची मांडणी. शेवटची 40 मिनिटं त्याच टॉपिकवर आयोगाने आधी विचारलेले प्रश्न. ही शेवटची 40 मिनिटं कधीही कापू नका. मांडणी लांबली तर तिथेच थांबवा.

3. टॉपिक प्रश्नाच्या मापाचा करा

‘सोमवार: पॉलिटी’ हा टॉपिक नाही, तो विषय झाला. टॉपिक इतका लहान हवा की त्यावर कोणता प्रश्न येईल हे वाचतानाच दिसावं. ‘महाराष्ट्रातील पंचायतराज समित्या’ हा टॉपिक आहे. त्यात वसंतराव नाईक समिती 1960 ची, बोंगिरवार समिती 1970 ची, बाबुराव काळे समिती 1980 ची, पी. बी. पाटील समिती 1984 ची. सोबत जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 चा आणि त्याची अंमलबजावणी 1 मे 1962 पासून. हे सगळं 45 मिनिटांत नीट मांडून होतं आणि उरलेल्या वेळात त्यावरचे प्रश्नही होतात.

इतिहासात तर असं बारीक करणं फारच उपयोगी पडतं. एका गुरुवारी आमचा टॉपिक होता ‘सभा आणि संस्था, 1849 ते 1906’. परमहंस सभा 1849, प्रार्थना समाज 1867, पुणे सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक समाज 1873, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884, डिप्रेस्ड क्लासेस मिशन 1906. मांडणी करणाऱ्याने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि प्रत्येकाला एकेक खडू दिला. आपापली संस्था रेघेवर जिथे वाटते तिथे लिहायची. प्रार्थना समाज आणि सार्वजनिक सभा तिघांनी उलट्या लिहिल्या. तीन वर्षांचं अंतर, आणि कालानुक्रम लावायला सांगणारा प्रश्न नेमका तिथेच चुकतो. नुसतं ‘इतिहास: समाजसुधारणा’ असं लिहिलं असतं तर ती चूक दिसायला परीक्षेची वाट पाहावी लागली असती.

कोणत्या विषयाला किती दिवस द्यायचे हे आवडीवर सोडू नका, जुने पेपर मोजा. आम्ही मोजले तेव्हा राज्यव्यवस्थेवर साधारण 10 आणि इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, विज्ञान, चालू घडामोडी, अंकगणित-बुद्धिमापन यांवर प्रत्येकी साधारण 15 प्रश्न दिसले. तुमच्या परीक्षेचे ताजे पेपर स्वतः मोजा, एका संध्याकाळचं काम आहे. आमच्या पहिल्या गटात पॉलिटीला निम्मे दिवस दिले होते आणि विज्ञानाला एकही नाही, कारण सहाही जण कला शाखेचे होते.

चालू घडामोडी एकत्र बसून वाचू नका, त्यात फार वेळ जातो. बुधवारी प्रत्येकाने त्या आठवड्यातल्या घडामोडींवर दोन प्रश्न चार पर्यायांसह ग्रुपवर टाकायचे. सहा जणांचे बारा प्रश्न होतात, ते शनिवारी घ्यायचे.

प्रत्येक टॉपिकपुढे दोन क्रमांक लिहा, एक मांडणी करणाऱ्याचा आणि दुसरा जुने प्रश्न काढून आणणाऱ्याचा. दोन्ही कामं एकाकडे दिलीत आणि तो आला नाही, तर तो दिवस रिकामा जातो.

4. टेस्टचे नियम वेगळे लिहा

टेस्टबद्दल संदेशात इतकं तरी यायलाच हवं: कोणता पेपर, दार किती वाजता बंद, ओएमआर कधी भरायची, तपासणी कधी.

दार 10:50 ला बंद करा. वर्तुळं त्या 60 मिनिटांच्या आतच भरायची. ‘आधी पेपर सोडवू, मग निवांत गोल काळे करू’ ही सवय लागली की खऱ्या परीक्षेत शेवटचे आठ-दहा प्रश्न हातातून जातात. 100 प्रश्नांना 60 मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद, आणि गोल भरण्याचा वेळही त्यातलाच.

पेपर एका आठवड्याला आयोगाचा जुना आणि पुढच्या आठवड्याला टेस्ट सिरीजचा, असा आलटून पालटून घ्या. आयोगाचा पेपर घेताना दोन ठिकाणी गडबड होते. प्रश्नपत्रिकेचे ए, बी, सी, डी असे संच असतात आणि प्रत्येकाचा प्रश्नक्रम वेगळा. आम्ही एकदा एका संचाची प्रश्नपत्रिका दुसऱ्या संचाच्या उत्तरतालिकेने तपासली आणि सगळ्यांची वीसच्या आसपासच उत्तरं बरोबर निघाली. अर्धा तास सगळे मान खाली घालून बसले होते. मग एकाने पानाच्या कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं. दुसरी गडबड म्हणजे पहिली उत्तरतालिका. हरकती आल्यावर आयोग तिच्यात बदल करतो, काही प्रश्न रद्दही होतात. म्हणून तपासायला अंतिम उत्तरतालिकाच घ्या आणि रद्द प्रश्न आधीच खोडून ठेवा.

तपासणी त्याच दिवशी, 12:30 ला. ‘उद्या बघू’ म्हटलेली टेस्ट पुन्हा कुणी उघडत नाही. पेपर सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: खात्री असेल तर काही नाही, दोन पर्यायांत अडकलो तर त्रिकोण, अंदाज असेल तर फुली. आमच्यातल्या एकाची एका रविवारची मोजणी अशी होती. त्याने 82 प्रश्न सोडवले, 54 बरोबर, 28 चूक. चार चुकांना एक गुण वजा, म्हणजे 54 वजा 7, हाती आले 47. आता खुणा पाहा. खात्रीचे 45, त्यात 38 बरोबर, 7 चूक. त्रिकोणाचे 26, त्यात 14 बरोबर, 12 चूक. फुलीचे 11, त्यात 2 बरोबर, 9 चूक.

त्याला वाटत होतं की दोन पर्यायांतले प्रश्न सोडायला हवे होते. आकडे वेगळं सांगत होते. त्रिकोणाच्या प्रश्नांनी 14 दिले आणि 3 नेले, निव्वळ 11 गुण मिळाले. ते सोडणं चुकीचं ठरलं असतं. फुलीच्या प्रश्नांनी 2 दिले आणि सव्वादोन नेले, वर त्यांच्यात वेळ गेला तो वेगळाच. सगळ्यात मोठं नुकसान मात्र खात्रीच्या सात चुकांमध्ये होतं. त्यातले पाच प्रश्न ‘अयोग्य विधान ओळखा’ असे होते आणि त्याने योग्य विधान निवडलं होतं. अशी एक चूक दुरुस्त झाली की एक गुण मिळतो आणि पाव गुण वाचतो, म्हणजे सव्वा गुण. पुढच्या आठवड्यापासून तो प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘नाही’ या शब्दांखाली आधी रेघ मारायला लागला. ही वर्गवारी संदेशातच लिहा, नाहीतर तपासणी म्हणजे नुसते गुण सांगून घरी जाणं होतं.

5. हजेरीचे नियम कामाचे ठेवा, पैशाचे नको

दंडाचा नियम सगळ्यांना आधी सुचतो. आम्हीही गैरहजेरीला 10 रुपये लावले होते. महिन्याभरात लोक आधीच 20 रुपये ठेवून दोन दिवस गावी जायला लागले. पैसे भरले की चुकल्यासारखं वाटतच नाही. आणि ज्याला घरून महिन्याचे मोजके पैसे येतात, त्याला ते दहा रुपयेही बोचतात. तो दंड टाळायला गटच सोडतो.

त्याऐवजी गैरहजर राहणाऱ्याने चुकलेल्या टॉपिकवर स्वतः वाचून दहा प्रश्न तयार करायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 4 च्या आत ग्रुपवर टाकायचे. तेच प्रश्न त्या संध्याकाळी पहिल्या 15 मिनिटांत घ्यायचे. त्याचा अभ्यास होतो आणि गटाचं कामही होतं.

कळवण्याची वेळ लिहा: दुपारी 2 पर्यंत. ज्याची मांडणी आहे त्याने आदल्या रात्री 9 पर्यंत, म्हणजे दुसऱ्याला तयारीला वेळ मिळतो. 6:40 नंतर येणाऱ्याने आत यावं, पण दहा प्रश्नांचे गुण त्याला नाहीत. दार बंद करण्याची कडक शिस्त फक्त टेस्टच्या दिवशी ठेवा. रोज तशी ठेवली की एसटी चुकलेला माणूस घरीच बसतो.

न कळवता तीन वेळा चुकलं तर काय, हेही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे अशा वेळी दोन ॲडमिन त्या व्यक्तीशी समोर बसून बोलायचे, ग्रुपवर नाही. एकाच्या घरी कांद्याची काढणी चालू होती आणि ते सांगायला त्याला संकोच वाटत होता. त्याला दोन आठवडे फक्त रविवारची टेस्ट दिली आणि त्यानंतर तो पुन्हा नियमित आला. आजारपण, पाळीचा त्रास, घरातलं सुतक अशा कारणांना पुरावा मागायचा नाही, एवढं स्पष्ट लिहा. मुलींना कारण सांगावं लागू नये म्हणून ‘आज नाही’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत असं आम्ही ठरवलं होतं.

6. संदेश असा दिसतो

व्हॉट्सॲपवर मोठा संदेश अर्ध्यात कापला जातो आणि खाली ‘अधिक वाचा’ येतं. बरेच जण ते दाबत नाहीत. म्हणून वेळ, जागा आणि टेस्ट सगळ्यात वर, टॉपिक त्याखाली, नियम शेवटी.

> संयुक्त पूर्व गट, आठवडा 5
>
> वेळ: संध्याकाळी 6:30 ते 8:10, अभ्यासिकेचा मागचा हॉल. बुधवार सुट्टी.
>
> टेस्ट: रविवार सकाळी 11 ते 12, आयोगाचा जुना पेपर. दार 10:50 ला बंद. ओएमआर वेळेतच भरायची. तपासणी 12:30 ला, खुणांसह.
>
> सोम: महाराष्ट्रातील पंचायतराज समित्या, 1961 चा अधिनियम. मांडणी 2, प्रश्न 5.
>
> मंगळ: गोदावरी व भीमा खोरं, डाव्या-उजव्या तीरावरच्या उपनद्या. मांडणी 4, प्रश्न 1.
>
> बुध: प्रत्येकाने चालू घडामोडींचे 2 प्रश्न रात्री 9 पर्यंत टाकायचे.
>
> गुरु: सभा व संस्था, 1849 ते 1906. मांडणी 6, प्रश्न 3.
>
> शुक्र: जीवनसत्त्वं आणि अभावाचे रोग. मांडणी 1, प्रश्न 2.
>
> शनि: शेकडेवारी, काळ-काम-वेग, 30 उदाहरणं. मग चारही टॉपिकची उजळणी आणि चालू घडामोडींचे 12 प्रश्न.
>
> हजेरी: येणार नसाल तर दुपारी 2 पर्यंत ‘आज नाही’ एवढं लिहा. मांडणी असेल तर आदल्या रात्री 9 पर्यंत. चुकलेल्या टॉपिकवर 10 प्रश्न दुसऱ्या दिवशी 4 पर्यंत.
>
> वाचलं असेल तर खाली फक्त आपला क्रमांक लिहा.

शेवटची ओळ विसरू नका. अंगठे मोजत बसण्यापेक्षा रविवारी सकाळपर्यंत कोणता क्रमांक आला नाही ते लगेच दिसतं आणि त्याला एक फोन करता येतो.

7. संदेश टाकल्यावर

संदेश पिन करा आणि मुदत 7 दिवसांची निवडा, म्हणजे पुढचा संदेश येईपर्यंत तो वरच राहतो. चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आत तोच संदेश संपादित करता येतो. त्यानंतर बदल झाला तर ‘गुरुवारऐवजी शुक्रवारी’ अशी सुटी ओळ टाकू नका. पूर्ण संदेश पुन्हा टाका, पहिल्या ओळीत ‘सुधारित’ लिहा, तो पिन करा आणि जुन्याचा पिन काढा, डिलीट करण्याची मुदत उलटली नसेल तर तो सगळ्यांसाठी डिलीटही करा. दोन संदेश पिन राहिले की निम्मे लोक जुनाच वाचून येतात.

आठवड्याच्या मध्ये बदल फक्त दोन कारणांसाठी करायचा: हॉल मिळाला नाही, किंवा मांडणी करणारा आणि प्रश्न आणणारा दोघंही येणार नाहीत. बाकी सूचना शनिवारपर्यंत वहीत लिहून ठेवायच्या आणि पुढच्या संदेशात घ्यायच्या.

परीक्षेला चार आठवडे उरले की नवे टॉपिक थांबवा. तेव्हा आमच्या संदेशात मंगळवार, शुक्रवार आणि रविवार अशा तीन टेस्ट असायच्या आणि मधल्या दिवसांत फक्त त्रिकोणाचे प्रश्न. टेस्ट 11 ला घ्यायची तर नोकरी करणाऱ्याला मंगळवार-शुक्रवार जमत नाही. तो तोच पेपर संध्याकाळी 6:30 ला, घड्याळ लावून, हॉलमध्ये एकटा बसून द्यायचा. ही सोयही संदेशात लिहिलेली असायची, म्हणजे त्याला दरवेळी विचारावं लागत नसे. परीक्षा पुढे ढकलली गेली तर आठवड्याचा क्रमांक तोच चालू ठेवा, पुन्हा 1 पासून मोजू नका. पुढच्या संदेशात एक टेस्ट कमी करा आणि आधीच्या टेस्टमध्ये ज्या टॉपिकवर सगळ्यात जास्त त्रिकोण आले होते, ते चार टॉपिक घ्या.